‘ना’ काढून टाकताना

रेकॉर्डिंग जेमतेम एका मिनिटाचं आहे. दार उघडल्याचा आवाज, नमस्कार, ओळख, संमती, सगळं व्यवस्थित. मग आमच्या रोजगार सर्वेक्षणासाठी घरोघरी प्रश्न विचारणारा प्रगणक विचारतो, “ताई, तुम्ही कुठे नोकरीबिकरी करत नाही ना?” बाई म्हणतात, “नाही हो, घरीच असते.” “बरं बरं,” म्हणत तो टॅबवर टकटक करतो. चार वेळा. म्हणजे एका वाक्यात त्याने चार प्रश्न उरकले, आणि कामाबद्दलचा पुढचा अख्खा भाग टॅबने आपोआप गाळून टाकला.

मुलगा आळशी नव्हता. उलट त्या तुकडीतला सगळ्यात बोलका आणि लोकांना पटकन आपलासा वाटणारा तोच. मला त्याचं वाईट वाटलं, कारण बारा वर्षांपूर्वी मी अशीच प्रगणक होते. प्रश्नावली पिशवीत ठेवून गप्पा मारायचे आणि घरी येऊन फॉर्म भरायचे. “तुझ्याशी लोक किती मोकळेपणाने बोलतात गं,” असं कुणी म्हटलं की मला वर्गात पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. एके दिवशी पर्यवेक्षक बाईंनी मला माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं आणि एवढंच विचारलं, “यातलं त्यांचं उत्तर कोणतं आणि तुझं कोणतं?” मला सांगता आलं नाही.

आता मी प्रशिक्षण देते. हे लिहिते आहे ते अठरा जणांच्या एका तुकडीबद्दल. पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं, सर्वेक्षण रोजगाराचं होतं, आणि पाचही दिवस आम्ही खरं म्हणजे त्या चारच प्रश्नांशी झगडत होतो. ते प्रश्न असे:

पहिला: “गेल्या सात दिवसांत, म्हणजे मागच्या अमुक वारापासून कालपर्यंत, तुम्ही पगार, मजुरी किंवा इतर मोबदल्यासाठी निदान एक तास तरी काही काम केलं का?”

दुसरा: “याच सात दिवसांत तुम्ही स्वतःचा काही धंदा किंवा व्यवसाय निदान एक तास तरी केला का?”

तिसरा: “याच सात दिवसांत घरातल्या कोणाच्या धंद्यात किंवा व्यवसायात, पैसे न घेता, निदान एक तास तरी मदत केली का?”

चौथ्याबद्दल पुढे सांगते. त्याने आमची चांगलीच फजिती केली.

पहिल्या दिवशी हे प्रश्न फळ्यावर लिहिले आणि कोणता शब्द नको वाटतो ते विचारलं. जवळजवळ सगळे “एक तास” वर घसरले. “मॅडम, आठवड्यात एक तास म्हणजे काय काम झालं का? लोक हसतील आपल्याला.” शंका बरोबर आहे, पण तो एक तास आमच्या कार्यालयाच्या लहरीतून आलेला नाही. 2013 मध्ये जिनिव्हाला श्रम सांख्यिकीशास्त्रज्ञांची 19वी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. रोजगारात कोणाला धरायचं, याची जगभर वापरली जाणारी व्याख्या तिथे नव्याने ठरली आणि त्यात संदर्भ आठवड्यात किमान एक तास ही अट आहे. घरच्या व्यवसायात पगार न घेता राबणारी माणसंही तिच्यात येतात. आठवड्याला दहा तासांपेक्षा कमी काम करणारे किती, हे कुणाला हवं असेल तर ते नंतर तासांच्या प्रश्नावरून काढता येतं. पण दारातच ज्याला “काम करत नाही” मध्ये टाकलं, तो पुढे कुठल्याच गाळणीत सापडत नाही.

म्हणून “एक तास” आहे. “सात दिवस” यासाठी की “हल्ली” किंवा “सध्या” म्हटलं तर एकाच्या डोक्यात हा महिना येतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात हे वर्ष. वार बोलून दाखवायचा, कारण वार ऐकला की माणूस मनात मागे जाऊन दिवस मोजायला लागतो. असा एकेक शब्द घेऊन आम्ही बसलो. मी मुद्दाम घाई केली नाही. ‘जसं लिहिलंय तसं वाचा’ एवढंच सांगितलं तर लोक ते दोन दिवस पाळतात. शब्द तिथे का बसला आहे ते कळलं, तर तो गाळताना निदान जीभ अडखळते.

तरी एक मुलगी हट्टाला पेटली. “शब्द बदलला तरी अर्थ तोच राहिला तर काय बिघडलं?” हा प्रश्न दर तुकडीत येतो आणि मी त्याची वाट बघत असते. तिला मी अमेरिकेतला 1940 च्या सुमाराचा एक प्रयोग सांगितला. डोनाल्ड रग यांनी तो 1941 मध्ये प्रसिद्ध केला. सारख्याच प्रकारे निवडलेल्या लोकांच्या दोन गटांना लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांबद्दल विचारलं. एका गटाला विचारलं, अशा भाषणांना परवानगी द्यावी का. दुसऱ्याला विचारलं, अशा भाषणांवर बंदी घालावी का. परवानगी न देणं म्हणजेच बंदी, असं आपण धरून चालतो. पण पहिल्या गटात 62 टक्के लोक म्हणाले परवानगी देऊ नये, आणि दुसऱ्या गटात “बंदी घाला” म्हणणारे निघाले 46 टक्के. ‘बंदी’ हा शब्दच जड आहे, तो उच्चारायला लोक कचरतात. मुलगी थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “पण आमचे शब्द एवढे काही जड नसतात.”

तिला उत्तर म्हणून मी ते पहिलं रेकॉर्डिंग लावलं आणि विचारलं, यात सगळ्यात जड शब्द कोणता? कुणी “नोकरीबिकरी” म्हणालं, कुणी “करत नाही”. शेवटी मागच्या रांगेतून आवाज आला: “ना.”

मराठीत प्रशिक्षण देताना हे एक अक्षर मला सगळ्यात जास्त छळतं. “काम करता का?” हा प्रश्न आहे. “काम करता ना?” मध्ये उत्तर आधीच तयार आहे, समोरच्याने फक्त मान डोलवायची. “करत नाही ना?” म्हटलं की “नाही” म्हणणं सोपं होतं आणि “करते” म्हणायचं तर विचारणाऱ्याला खोडून काढावं लागतं. अनोळखी माणसाला दारात कोण खोडून काढेल? आपल्या बोलण्यात हा ‘ना’ आपुलकीचा आहे, म्हणूनच तो धोक्याचा. त्याचे भाऊबंदही आहेत. “फक्त घरकामच करता का?” मधला ‘फक्त’ आणि ‘च’. “काहीतरी करतच असाल की!” मधला ‘की’. “म्हणजे तुम्ही गृहिणी” मधला ‘म्हणजे’, जो प्रश्नसुद्धा नाही, सरळ निकाल आहे. छापील प्रश्नातल्या “एक तास तरी” मधला ‘तरी’ मात्र मुद्दाम घातलेला आहे, तो ठेवायचाच. यावर मुलांनी मला बरंच छेडलं. तुमचा तो ‘तरी’ आणि आमचा तो ‘ना’ काय, असं. मी म्हटलं, फरक एवढाच की तो ‘तरी’ सगळ्या घरांत सारखा ऐकू जातो. तुमचा ‘ना’ तुम्हाला ज्या घरात वाटेल त्या घरात.

दुसरा दिवस वाचण्याचा. ऐकायला बालिश वाटतं, पण मोठी माणसं प्रश्न वाचतात कशी ते एकदा बघावं. एक तर बातम्यांसारखं धाडधाड, नाहीतर शाळेत उभं केल्यासारखं. आम्ही सेकंदाला साधारण दोन शब्द हा वेग धरतो. तो सुरुवातीला मूर्खपणाचा वाटतो इतका हळू असतो. पण प्रश्न वाचणाऱ्यासाठी शंभरावा असला तरी ऐकणाऱ्यासाठी पहिलाच असतो. दुसरा नियम म्हणजे समोरच्याने मध्येच उत्तर दिलं तरी प्रश्न शेवटपर्यंत वाचायचा. तिसऱ्या प्रश्नात “घरातल्या कोणाच्या” इथपर्यंत आलं की बाया “नाही नाही” म्हणून मोकळ्या होतात. “पैसे न घेता” हे त्यांच्या कानावर पडलेलंच नसतं, आणि सगळा प्रश्न तर तिथेच आहे. अशा वेळी काय म्हणायचं याचं वाक्यही आम्ही ठरवून दिलं: “प्रश्न पूर्ण वाचून दाखवते, मग सांगा.” आधी एक-दोघांना ते उद्धट वाटलं. जोडीजोडीने वीसेक वेळा म्हटल्यावर त्यातली धार गेली.

तिसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. अठराही जणांनी एकेक करून माझी मुलाखत घ्यायची. माझ्या हातात भूमिकेचं कार्ड होतं, ते त्यांना दिसत नव्हतं. कार्डावरची बाई अशी: नवऱ्याचा छपाईचा व्यवसाय, संध्याकाळी बसून ती बिलं करते आणि हिशेब लिहिते, पैसे घेत नाही, स्वतःबद्दल विचारलं की “घरीच असते” म्हणते. आपणहून काही सांगत नाही. फक्त “घरातल्या कोणाच्या धंद्यात” आणि “पैसे न घेता” हे दोन्ही तुकडे कानावर पडले तरच म्हणते, “तसं बघायला गेलं तर हो, बिलं मीच करते.” बरोबर फॉर्म म्हणजे पहिलं नाही, दुसरं नाही, तिसरं हो, आणि पुढे तास नऊ.

एकच बाई, एकच कार्ड, अठरा मुलाखती. संध्याकाळी फॉर्म भिंतीवर लावले. अकरा जणांनी लिहिलं होतं की ही बाई काम करत नाही. त्यातल्या बहुतेकांनी पहिला प्रश्न बरोबर वाचला होता. मी “नाही, मी घरीच असते” म्हटल्याबरोबर दुसरा आणि तिसरा त्यांनी मनातच वाचला आणि मनातच त्याचं उत्तर दिलं. एक मुलगा म्हणाला, “तुम्ही सांगितलंत ना घरी असते म्हणून, परत परत तेच विचारणं बरं दिसत नाही.” हे कारण खरं आहे. पुन्हा विचारल्याने माणूस चिडेल ही भीती खोटी नाही. तिच्यावर औषध म्हणून एक जोडवाक्य दिलं, तेही छापील: “काही प्रश्न सारखे वाटतील, पण मला ते सगळे वाचावे लागतात.” यात दोष स्वतःवर जातो आणि प्रश्न शाबूत राहतो.

उरलेले सात जण तिसऱ्या प्रश्नात मला पकडून तासांपर्यंत पोचले. खरी मजा इथे झाली. तासांचा प्रश्न होता, “गेल्या सात दिवसांत या कामात एकूण किती तास गेले?” माझ्या कार्डावर पहिलं उत्तर होतं, “ते काही मोजलेलं नाही.” आणि सूचना अशी: समोरचा गप्प राहिला किंवा प्रश्न पुन्हा वाचला तर म्हणायचं, “रोज तास-दीड तास होत असेल.” त्याने एखादा आकडा सुचवला तर म्हणायचं, “हो, धरा की.”

सातांपैकी तिघांनी दहा लिहिले. तिघांनीही जवळपास एकच वाक्य म्हटलं होतं, “मग दहा तास धरू का?” आणि मी “धरा की” म्हणाले होते. एकाने मनात सात वेळा एक करून सात लिहिले. एकाने सात वेळा दीड करून साडेदहा. दोघांनी मात्र विचारलं, “सात दिवसांचे मिळून एकूण किती तास झाले असतील?” आणि थांबले. तेव्हा कार्डावरची बाई मोजायला लागली, “रविवारी बंद असतं. सहा दिवस. दीडच धरा, नऊ झाले.” रविवारची गोष्ट बाकी कुणाला कळलीच नव्हती, कारण गणित त्यांनी स्वतः केलं होतं.

तटस्थ प्रोब म्हणजे काय, हे त्या भिंतीवर जितकं नीट दिसलं तितकं मला व्याख्येतून कधी सांगता आलेलं नाही. उत्तर अपुरं असेल तेव्हा आणखी विचारायचं, पण त्यात नवीन माल घालायचा नाही. आकडा नाही, कारण नाही, पर्याय नाही, अंदाज नाही. आमच्या कार्डावर मोजकीच वाक्यं असतात. प्रश्न पुन्हा वाचणं हा पहिला आणि बहुतेक वेळा पुरेसा उपाय. उत्तर धूसर असेल तर “म्हणजे नेमकं कसं?” यादी हवी असेल तर “आणखी काही?” आणि “नाही” येईपर्यंत “आणखी काही?”, एकदा विचारून सोडायचं नाही. “पाच-सहा” असं आलं तर “एकच आकडा सांगायचा झाला तर कोणता सांगाल?” पर्यायांचा प्रश्न असेल आणि समोरचा “बरं आहे” म्हणाला, तर सगळे पर्याय पहिल्यापासून पुन्हा वाचायचे. “म्हणजे चांगलं की ठीकठाक?” असं दोनच पुढे केले की उरलेले तीन आपणच खोडले.

यात सगळ्यात अवघड प्रोब म्हणजे गप्प राहणं. चौथ्या दिवशी त्याचाच सराव घेतला. प्रश्न वाचायचा आणि मनात पाच मोजायचे. पाच सेकंद म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. घड्याळ लावून समोरासमोर बसा, तिसऱ्या सेकंदाला हात शिवशिवायला लागतात. बहुतेकांनी तिथेच काहीतरी बोलून टाकलं, “म्हणजे साधारण सांगा हो, चालेल.” या एका ‘चालेल’ने समोरच्याचा विचार थांबतो. आठवायला माणसाला वेळ लागतो, आणि तो वेळ आपल्याला अवघड शांतता वाटते, त्याला वाटत नसते. तो मोजत असतो. एक मुलगी या सरावात इतकी तरबेज झाली की तिच्यासमोर मीच अस्वस्थ होऊन कार्डावर नसलेलं बोलून गेले.

उत्तरानंतरच्या बोलण्याचंही तसंच. “अरे वा”, “छान”, “अच्छा, एवढंच?” यातलं प्रत्येक म्हणजे गुण दिल्यासारखं आहे. एका उत्तराला “वा” मिळालं की पुढच्या उत्तराला ते मिळवायची इच्छा होते, आणि न मिळालं की काहीतरी चुकलं असं वाटतं. “ठीक, लिहून घेते” एवढंच म्हणा, असं आम्ही सांगतो. यावर तक्रार अशी की मग आम्ही यंत्रासारखे वाटू. माझं मत असं की ऊब आवाजात आणि नजरेत ठेवावी, ती शब्दांत नको. पण कबूल करते, हे मला शिकवता येत नाही. काहींना जमतं, काहींचं “ठीक, लिहून घेते” पोलीस चौकीतल्यासारखं येतं.

चौथ्याच दिवशी जेवणानंतर त्या हट्टी मुलीने मला खरं कोंडीत पकडलं. तिने विचारलं, “समजा एकाने मलाच विचारलं, ‘मी शेजारच्या दोन मुलांना शिकवतो, थोडे पैसे मिळतात, ते काम धरायचं का?’ तर मी काय म्हणू?” आमच्या जुन्या शिकवणीप्रमाणे उत्तर होतं, “तुम्हाला जे काम वाटतं ते सांगा.” मतांच्या प्रश्नात हे ठीक आहे. पण इथे कामाची व्याख्या आहे आणि तिच्याप्रमाणे शिकवणी हे काम आहेच. त्या माणसाला ‘वाटेल ते सांगा’ म्हणून सोडलं, तर आपण शब्द जपले आणि उत्तर घालवलं.

यावर संशोधकांत जुना वाद आहे. मायकेल शोबर आणि फ्रेडरिक कॉनरॅड यांनी 1997 मध्ये प्रयोगशाळेतला एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारी सर्वेक्षणांतले प्रश्न घेतले, उत्तरं आधीच माहीत असतील अशी काल्पनिक प्रकरणं लोकांना दिली, आणि काही मुलाखतकारांना फक्त छापील वाचायला सांगितलं, तर काहींना व्याख्या समजावून सांगायची मोकळीक दिली. साध्या प्रकरणांत दोघांचीही उत्तरं जवळजवळ सगळी बरोबर आली. प्रकरण गुंतागुंतीचं असलं की छापील वाचणाऱ्यांकडे 28 टक्के उत्तरं बरोबर आली आणि समजावणाऱ्यांकडे 87 टक्के. मात्र समजावण्यात वेळ कितीतरी पट गेला. मी हे आकडे तुकडीपासून लपवत नाही, कारण जसंच्या तसं वाचणं हा रामबाण आहे असं मला स्वतःलाच वाटत नाही.

आम्ही मधला रस्ता घेतला. ज्या प्रश्नांत व्याख्या आहे, त्यांच्याखाली टॅबवर करड्या चौकटीत दोन-तीन वाक्यांचा खुलासा ठेवला. समोरच्याने विचारलं, किंवा तो स्पष्टपणे चुकीच्या वाटेने चालला आहे असं त्याच्या बोलण्यातून दिसलं, तर तो खुलासा वाचायचा. तोही जसाच्या तसा, आणि मग प्रश्न पुन्हा. स्वतःच्या शब्दांत समजावणं बंद. शिकवणीच्या प्रश्नाला उत्तर “हो, ते काम आहे” असं नाही. चौकट वाचायची, “मोबदल्यासाठी थोडा वेळ केलेलं कामही यात धरा, मग ते नियमित असो वा नसो,” मग प्रश्न, मग थांबायचं. हो-नाही त्यानेच म्हणायचं. त्या मुलीचं समाधान झालं नाही. तिच्या मते चौकटीत जग मावत नाही. बरोबर आहे तिचं. जे मावत नाही ते शेरा म्हणून शब्दशः लिहून आणायचं आणि निर्णय कार्यालयाने घ्यायचा, एवढंच आम्ही ठरवलं.

पाचव्या दिवशी प्रत्येकाने खऱ्या घरांत, परवानगी घेऊन आणि रेकॉर्ड करून, दोन मुलाखती केल्या. रात्री आम्ही तीन प्रशिक्षक कानाला हेडफोन लावून कोडिंगला बसलो. एकेका प्रश्नाच्या वाचनाला तीनपैकी एक खूण द्यायची: जसाच्या तसा, किरकोळ बदल, अर्थ बदलला. पहिले तीन प्रश्न आश्चर्य वाटावं इतके नीट आले होते. चौथ्याला मात्र रांगेने तिसरी खूण. ज्या 20 मुलाखतींत तो आला होता, त्यांतल्या 14 मध्ये तो बदलून विचारला होता.

माझी पहिली प्रतिक्रिया रागाची होती. पाच दिवस घसा कोरडा केला तो कशासाठी? मग शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने चौथा प्रश्न मोठ्याने वाचून दाखवला. “मागील सप्ताहात आपण ज्यापासून तात्पुरते अनुपस्थित होता व ज्यावर परत रुजू होण्याची आपणास अपेक्षा आहे असे कोणतेही काम अथवा व्यवसाय आपणाकडे होता का?” वाचता वाचता तो स्वतःच ‘असे कोणतेही’पाशी अडकला.

एखादा प्रगणक सगळे प्रश्न बदलत असेल तर प्रगणक चुकतो आहे. सगळे प्रगणक एकच प्रश्न बदलत असतील तर प्रश्न चुकला आहे. असं कोडिंग करणारे लोक साधारण 15 टक्के मुलाखतींत अडचण दिसली की त्या प्रश्नाकडे संशयाने बघतात, आमच्याकडे तर 70 टक्के झाले होते. तो प्रश्न भाषांतरातून आला होता आणि कुणी तो तोंडाने म्हणून पाहिला नव्हता. मीही नाही. चार दिवस त्याच्यावरून मी “सरावाने येईल” म्हणत पुढे गेले होते. बदलणाऱ्यांपैकी बहुतेकांनी त्याचं “रजेवर वगैरे आहात का?” असं केलं होतं. त्यात नोकरदार सापडतो, पण आजारपणामुळे आठवडाभर धंदा बंद ठेवलेला माणूस निसटतो.

रात्रीच कार्यालयाला कळवलं, त्या 14 वाचनांची अक्षरशः प्रत जोडून. नुसतं “प्रश्न अवघड आहे” असं कळवलं असतं तर उत्तर आलं असतं की प्रगणकांना नीट शिकवा. हे मी आधी भोगलेलं आहे. प्रत बघून तीन दिवसांनी प्रश्न तोडून दोन करून आले. “या सात दिवसांत काम झालं नाही, पण एरवी तुमचं काही काम, नोकरी किंवा धंदा आहे का?” आणि हो म्हटलं तर, “त्या कामाला तुम्ही पुन्हा लागणार आहात का?” तोपर्यंत कुणीही आपापली दुरुस्ती करायची नाही, असं बजावलं होतं. नवी आवृत्ती सगळ्यांच्या टॅबवर एकाच वेळी चढली आणि मगच फील्ड सुरू झालं.

पहिल्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या बोलक्या मुलाचं एक होतं. पहिला प्रश्न, “नाही.” दुसरा, “नाही, मी घरीच असते हो.” मग ते जोडवाक्य, जरा घाईत. तिसरा प्रश्न, शेवटपर्यंत, “पैसे न घेता” वर किंचित जोर देऊन. खरं तर जोरही द्यायचा नसतो, तसं मी नोंदवलं. मग काहीच नाही. मी स्क्रीनवर सेकंद बघत होते. चार, पाच, सहा. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. “आता तसं म्हणाल,” बाई म्हणाल्या, “तर यांची सगळी पत्रं मीच टाइप करते.”

परवा आमच्या वरिष्ठांनी माझं एक रेकॉर्डिंग न सांगता तपासायला घेतलं. फील्डमध्ये एक जागा रिकामी होती म्हणून मी मुलाखतीला गेले होते, त्यातलं. कोडिंगचा कागद परत आला. चार खुणा बरोबर, एक किरकोळ बदल. शेऱ्यात लिहिलं होतं, “तिसऱ्या प्रश्नात ‘तरी’ गाळलं.”